मोठ्या लॅबने दर उतरवले, तर छोट्या लॅबने काय करावे?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर वडगावच्या बाजूला दहा-बारा वर्षे चाललेली एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे असे समजू. स्वतःची यंत्रे, दोन टेक्निशियन, सकाळी घरी जाऊन रक्त घेणारा एक मुलगा, काउंटरवर एक ताई आणि रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर, एवढाच तिचा पसारा. एके दिवशी चौकात एका मोठ्या साखळीचे कलेक्शन सेंटर उघडते आणि 'संपूर्ण शरीर तपासणी, ७२ चाचण्या, फक्त ७९९ रुपये' असा फलक लागतो. आठवडाभरात काउंटरवरच्या ताईंना दिवसातून चार-पाच वेळा ऐकावे लागते, "अहो, तिकडे आठशेत सगळं होतंय, तुमच्याकडे हजाराच्या वर कसं?" अशा वेळी मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो सरसकट दर उतरवण्याचा. हा विचार बहुधा चुकीचा ठरतो आणि का ठरतो ते साध्या आकडेमोडीने दाखवता येते. पुढील आकडे कोणत्याही एका लॅबचे नाहीत. हिशेब समजावा म्हणून ते बेतलेले आहेत, परंतु त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणे व्यवहाराला धरून आहेत.

या लॅबमध्ये महिन्याला १,२०० रुग्ण येतात आणि सरासरी बिल ६०० रुपये होते, म्हणजे एकूण जमा ७,२०,००० रुपये. एका रुग्णामागे रीएजंट म्हणजे चाचणीची रसायने, सुई, ट्यूब, गुणवत्ता तपासणीसाठी खर्च होणारे कंट्रोल नमुने आणि घरी जाण्याचे पेट्रोल धरून सरासरी २१० रुपये खर्च होतात. हा बदलता खर्च होय. रुग्ण आला नाही तर तो होत नाही. राहिलेले ३९० रुपये भाडे, पगार, यंत्रांचा देखभाल करार, वीज आणि डॉक्टरांचे मानधन यांच्या कामी येतात. हा स्थिर खर्च महिन्याला ४,००,००० रुपये आहे आणि दुकानात कोणी आले नाही तरी तो द्यावाच लागतो. १,२०० रुग्णांचे प्रत्येकी ३९० म्हणजे ४,६८,००० रुपये. त्यातून स्थिर खर्च गेला की मालकाच्या हाती ६८,००० उरतात.

आता सर्व दर ३० टक्क्यांनी खाली आणले असे समजा. सरासरी बिल ४२० झाले, रीएजंटचा खर्च मात्र तेवढाच राहिला, त्यामुळे प्रत्येक रुग्णामागे ३९० ऐवजी २१० रुपयेच उरतात. एकही रुग्ण गेला नाही असे मानले तरी महिन्याला २,५२,००० जमतात आणि ६८,००० च्या नफ्याच्या जागी १,४८,००० चा तोटा येतो. पूर्वीइतकीच रक्कम जमवायची तर सुमारे २,२३० रुग्ण लागतील, म्हणजे जवळपास ८६ टक्के अधिक. त्याच परिसरातून, त्याच दोन टेक्निशियनच्या बळावर आणि समोर अजूनही स्वस्तच असलेले सेंटर असताना इतके रुग्ण कोठून यावेत?

हाच हिशेब उलट बाजूने केल्यास तो अधिक बोलका होतो. दर मुळीच कमी केले नाहीत आणि रुग्ण जाऊ दिले, तर सरसकट सूट दिल्याने होणाऱ्या तोट्याइतका तोटा व्हायला किती रुग्ण जावे लागतील? २,५२,००० ला ३९० ने भागले तर ६४६ येतात, म्हणजे १,२०० पैकी ५५४ रुग्ण, जवळजवळ निम्मे, गेले तरच दोन्ही मार्ग सारखे पडतात. म्हणूनच घाईघाईने दर उतरवण्यापेक्षा काहीच न करणे हे पुष्कळदा कमी महागात पडते. परंतु हातावर हात ठेवून बसणेही सुरक्षित नाही, कारण नफा शून्यावर यायला १७४ रुग्णांची, म्हणजे साडेचौदा टक्क्यांची घट पुरेशी आहे. या दोन टोकांच्या मधला मार्ग शोधायचा आहे.

दर नेमका कशाचा उतरला आहे?

फलकाकडे थोडे बारकाईने पाहावे. ७२ हा आकडा ऐकून माणूस दबून जातो, पण यंत्रात मोजल्या जाणाऱ्या गोष्टी त्यापेक्षा बऱ्याच कमी असतात. लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल मोजले जातात. व्हीएलडीएल म्हणजे सहसा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग असतो, एलडीएल अनेक ठिकाणी वजाबाकीने काढले जाते आणि खालची गुणोत्तरे तर निव्वळ भागाकार असतात. अशा रीतीने तीन मापनांच्या सात-आठ 'चाचण्या' होतात. यकृताच्या तपासणीत अप्रत्यक्ष बिलिरुबिन, ग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर ही अशीच हिशेबाने येतात, आणि सीबीसीच्या एका नमुन्यातून वीसएक ओळी सहज छापल्या जातात. यात फसवणूक आहे असे नाही, कारण रिपोर्टवर या ओळी सगळेच देतात. छोटी लॅबही देते, फक्त ती त्या मोजून फलकावर लावत नाही. तेव्हा स्वतःच्या १,०५० रुपयांच्या पॅकेजमध्ये त्याच पद्धतीने मोजल्यास किती 'चाचण्या' भरतात, हे मालकाने एकदा कागदावर लिहून पाहावे. पुष्कळदा फरक वाटतो तितका नसतो.

त्यानंतर समोरच्या सेंटरमध्ये एखाद्या ओळखीच्या माणसाला पाठवून सुट्या चाचण्यांचे दर विचारावेत. फक्त सीबीसी किती, फक्त थायरॉइड किती, ताप आल्यावर डेंग्यूची तपासणी किती? या सुट्या चाचण्यांचे दर जवळपास आपल्यासारखेच निघाले, तर ७९९ चे पॅकेज हे नवे गिऱ्हाईक गोळा करण्याचे साधन आहे. एकदा नाव आणि फोन नंबर मिळाला की पुढच्या तपासण्यांसाठी फोन येत राहतात आणि खरी कमाई तेथे होते. सुट्या चाचण्याही तितक्याच स्वस्त असतील, तर गोष्ट वेगळी आहे. सवलतीला मुदत आहे का, ती फक्त मोबाइलवरून नोंदणी करणाऱ्यांना आहे का आणि तीच सवलत कोथरूड-हडपसरलाही आहे का, हेही पाहावे. सगळ्या शहरात असलेली सवलत आपल्याला उद्देशून दिलेली नाही, हे लक्षात आल्यावर मालकाचा निम्मा संताप उतरतो.

मोठ्या साखळीला हा दर परवडतो, तो बहुतेक वेळा तोटा सोसून नव्हे. अनेक सेंटरांतले नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातात, एका यंत्रावर दिवसभर काम चालते आणि रीएजंट इतक्या प्रमाणात घेतले जाते की कंपन्या यंत्रही बसवून देतात. त्यामुळे जी चाचणी छोट्या लॅबला ऐंशी रुपयांना पडते, ती साखळीला बऱ्याच कमी खर्चात पडू शकते. याचा अर्थ असा की, दम धरला तर समोरचा आपोआप थकेल, ही आशा धरू नये.

स्पर्धा आयोगाकडे तक्रार करण्याचा सल्लाही अशा वेळी हमखास मिळतो. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दर लावण्यास मनाई आहे, पण ती फक्त बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीला लागू होते. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने चलन-व्यवहारांवर शुल्क न आकारल्याबद्दल आयोगाने २०११ मध्ये ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला, तो वर्चस्व मान्य झाल्यावर. उलट २०१७ मध्ये जिओविरुद्धची तक्रार आयोगाने फेटाळली, कारण तेव्हा त्या कंपनीचे बाजारावर वर्चस्व नव्हते. पुण्यातल्या लॅबच्या धंद्यात एवढ्या साखळ्या आणि एवढी रुग्णालये आहेत की, एखादीचे वर्चस्व सिद्ध करणे फार अवघड जाईल.

कोण तुलना करतो आणि कोण करत नाही

१,२०० रुग्ण हा एकच गट नाही. मागच्या तीन महिन्यांची बिले घेऊन बसले की साधारण तीन गट दिसतात. पहिला गट आजारी माणसांचा. ताप, पोटदुखी, लघवीची जळजळ. जवळच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली असते आणि रिपोर्ट संध्याकाळच्या ओपीडीपूर्वी हवा असतो. असे ७०० रुग्ण, सरासरी बिल ४५०, बदलता खर्च १६०. दुसरा गट मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब यांसाठी दर तीन-चार महिन्यांनी येणाऱ्यांचा. ३०० रुग्ण, बिल ६५०, खर्च २००. तिसरा गट बरे असताना स्वतःहून वार्षिक तपासणी करून घेणाऱ्यांचा. २०० रुग्ण, बिल १,०५०, खर्च ४००. पहिल्या गटातून २,०३,००० उरतात, दुसऱ्यातून १,३५,००० आणि तिसऱ्यातून १,३०,०००.

फलक पाहून हलणारा गट तिसरा आहे. त्याला घाई नसते, तो मोबाइलवर चार ठिकाणचे दर पाहतो आणि त्याच्या दृष्टीने सगळ्या लॅब सारख्याच असतात. १०३ ताप असलेल्या मुलाची आई मात्र सीबीसीचे दर ताडून पाहत बसत नाही. तिला प्लेटलेट किती आहेत ते तीन तासांत कळायला हवे असते, आणि नमुना गाडीने दुसरीकडे जाऊन येईपर्यंत थांबण्याची तिची तयारी नसते. अशा ७०० जणांना कोणीही न मागितलेली ३० टक्के सूट देणे, हाच सरसकट दरकपातीतला सर्वांत मोठा अपव्यय आहे. त्यातही पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत डेंग्यू व इतर तापांमुळे हा गट फुगतो, वर्षाची खरी कमाई त्याच महिन्यांत होते आणि दरपत्रक एकदा खाली आणले की ऐन हंगामात ते पुन्हा वर नेता येत नाही.

तेव्हा उत्तर द्यायचे ते तिसऱ्या गटापुरते, आणि दरपत्रकाला हात न लावता. १,०५० चे पॅकेज आहे तसे ठेवावे आणि त्याच्या शेजारी ७४९ रुपयांचे नवे, आटोपशीर पॅकेज मांडावे: सीबीसी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि टीएसएच. व्हिटॅमिन डी आणि बी१२ त्यात घालू नयेत, कारण छोट्या लॅबला त्या चाचण्या महागात पडतात आणि बहुतेक वेळा बाहेर पाठवाव्या लागतात. अशा पॅकेजचा बदलता खर्च ३०० रुपयांच्या आसपास बसला, तर ४४९ रुपये उरतात.

काहीच न केल्यास या गटातले २०० पैकी १२० जण गेले असते असे धरू. त्याने ७८,००० रुपये बुडाले असते. दुसऱ्या गटातलेही ३० जण गेले, तर आणखी १३,५००. म्हणजे ६८,००० चा नफा जाऊन २३,५०० चा तोटा. नवे पॅकेज मांडल्यावर समजा ४० जण गेले, ५० जणांनी जुनेच पॅकेज घेतले आणि ११० जणांनी नवे घेतले. या ११० मध्ये जे एरवी १,०५० देऊन राहिलेच असते असेही काही जण असतात. स्वस्त पर्याय ठेवला की आपलाच महाग पर्याय तो काही अंशी खातो, आणि हा खर्च हिशेबात धरावाच लागतो. ५० जणांचे ३२,५०० आणि ११० जणांचे ४९,३९० मिळून ८१,८९० होतात. म्हणजे या गटात सुमारे ४८,००० रुपये कमी झाले.

दुसऱ्या गटाशी बोलताना दरापेक्षा सोय पुढे करावी. वर्षाच्या चार तपासण्यांची आगाऊ नोंदणी, घरी येऊन रक्त घेणे, मागचे चार रिपोर्ट एका कागदावर आणि त्यावर १० टक्के सूट, एवढे पुरते. ३०० पैकी १०० जणांनी नोंदणी केली आणि कोणी गेले नाही, तर सवलतीपोटी महिन्याला ६,५०० रुपये जातात. या लोकांना दुपारची वेळ देता आली तर आणखी बरे, कारण एचबीए१सी आणि टीएसएचसाठी उपाशी राहावे लागत नाही आणि सकाळी दहानंतर यंत्र मोकळेच असते. दुपारी येणाऱ्याला कमी दर लावल्यास सकाळच्या घाईतल्या रुग्णाला तो लागू होत नाही, आणि कोणाला अन्याय झाल्यासारखेही वाटत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभासदांना ही वेळ विशेष सोयीची पडते.

सगळी बेरीज केली तर ६८,००० चा नफा १३,००० ते १४,००० वर येतो. ही आनंदाची बातमी नाही. मोठा प्रतिस्पर्धी आल्यावर नफा कमी होतोच आणि कोणतीही युक्ती तो पूर्ववत करत नाही. पण दीड लाखाचा मासिक तोटा आणि तेरा हजारांचा नफा यांतले अंतर दुकान बंद पडणे आणि चालू राहणे यांतले आहे. ग्राहक किती हलतील याचे माझे आकडे अंदाजाचे आहेत, आणि मालकाने ते स्वतःच्या नोंदींवरून बदलून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

युद्ध कोणाशी पेटते?

छोट्या लॅबने दर कमी केले म्हणून शहरभर पसरलेली साखळी सहसा दखलही घेत नाही. दखल घेतात ती गल्लीतली दुसरी छोटी लॅब आणि पलीकडच्या हॉस्पिटलमधली लॅब, जिचा मालकही सहा महिन्यांपासून याच चिंतेत असतो. आपण काचेवर 'सर्व चाचण्यांवर ३० टक्के सूट' असे लिहिले की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे ३५ लागते, मग आपल्याकडे ४०. मोठ्या सेंटरचे रुग्ण कमी होत नाहीत. दोन-तीन छोटे एकमेकांचे रुग्ण अदलाबदल करत तोट्यात जातात. म्हणून उत्तर दिसेल कसे, यालाही हिशेबाइतकेच महत्त्व आहे. नव्या पॅकेजची माहिती जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर किंवा काउंटरवर द्यावी, 'कोणताही दर दाखवा, त्याहून कमी घेऊ' असे वचन कधीही देऊ नये आणि मोठ्या लॅबच्या नावाने फलक लावू नये. असे वचन देणाऱ्याचा दर यापुढे समोरचा ठरवतो.

तिघांनी एकत्र बसून 'याखाली कोणी जायचे नाही' असे ठरवणे स्वाभाविक वाटते, परंतु ते बेकायदेशीर आहे. स्पर्धकांनी आपसात दर ठरवणे स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली येते, तेथे वर्चस्वाचा प्रश्नच येत नाही, आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर अशा कारणांनी आयोगाने कारवाई केलेली आहे. दुसरा मोह डॉक्टरांना जास्त कमिशन देऊन चिठ्ठ्या वळवण्याचा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना असे पैसे घेण्यास मनाई केली आहे. शिवाय तीही दरकपातच आहे. फरक एवढाच की तिचा फायदा रुग्णाला मिळत नाही आणि एकदा वाढलेला 'कट' मागे घेणे दरपत्रक वर नेण्याहून कठीण असते.

मोठ्या साखळीची गुणवत्ता वाईट असते, असेही सांगत फिरू नये. तिच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेला बहुधा एनएबीएलची मान्यता असते आणि रुग्णाने आपल्याला तेच विचारले तर उत्तर तयार असावे लागते. खरा आणि सांगण्याजोगा फरक वेळेचा आहे, आणि संशयास्पद आकडा आल्यावर डॉक्टरांनी स्वतः फोन करून पुन्हा नमुना घेण्याचा आहे. तो फरक प्रत्यक्षात ठेवायचा असेल तर खर्चकपातीच्या नादात कंट्रोल कमी वेळा चालवणे किंवा दुपारचा टेक्निशियन काढणे परवडणार नाही, कारण ७०० जणांचा गट याच गोष्टींवर टिकून आहे.

पुढचे तीन महिने दर आठवड्याला तिन्ही गटांची संख्या वेगवेगळी लिहावी आणि तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. नाहीतर ऑक्टोबरनंतर ताप ओसरल्याने घटलेले रुग्णही स्पर्धेच्या खात्यावर मांडले जातात. तिसरा गट कमी झाला तर ते अपेक्षितच आहे. जुने पॅकेज घेणारे ५० जणही नव्याकडे वळू लागले, तर दोन्हींतला फरक काउंटरवर नीट सांगितला जात नाही किंवा तो पुरेसा नाही. पहिला गट सलग दोन महिने दहा टक्क्यांहून अधिक घटला, तर मात्र वरचे सगळे गृहीतक कोसळते: एक तर समोरच्याने त्याच दिवशी रिपोर्ट देणे सुरू केले आहे, किंवा आसपासच्या डॉक्टरांपैकी कोणीतरी चिठ्ठ्या दुसरीकडे पाठवू लागले आहेत, आणि यांपैकी काय झाले हे दर उतरवण्याआधी त्या डॉक्टरांना भेटून विचारावे.

रीएजंट कंपनीशी असलेला करारही याच काळात काढून वाचावा. यंत्र फुकट बसवून दिलेले असेल तर त्यात महिन्याला किमान किती रीएजंट घ्यायचे ते लिहिलेले असते. चाचण्या कमी झाल्या तरी ते घ्यावे लागते, मुदत संपून वाया जाते आणि ज्याला आपण बदलता खर्च समजत होतो तो काही अंशी स्थिर निघतो. अशा वेळी त्या यंत्रावरच्या कमी चालणाऱ्या चाचण्या बंद करून त्या बाहेर पाठवणे स्वस्त पडते. बाहेर म्हणजे अनेकदा एखाद्या मोठ्या साखळीच्याच प्रयोगशाळेत. कधी कधी तर चौकात सेंटर उघडणाऱ्या त्याच साखळीकडे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जिच्याकडे आपण महिन्याला शे-दोनशे व्हिटॅमिनच्या चाचण्या पाठवतो, तिच्याकडून लॅबसाठीचा घाऊक दर नव्याने मागून घ्यावा, आणि तो मिळाला नाही तर दुसऱ्या साखळीकडे विचारावे; तेथे या दोन साखळ्यांचीही दरांवरून चढाओढ चालू असते आणि त्या चढाओढीचा फायदा घेण्याची बाजू या वेळी आपली असते.